उत्तर चुकलं की उतारा चुकला?

आज एकाच बिघाडाबद्दल बोलू. माहिती अधिकार कायद्याच्या मराठी मजकुरातून उत्तरं देणारी एक सिस्टिम माझ्याकडे दुरुस्तीला आली होती. विचारलं, "कलम 19(3) खालचं अपील किती दिवसांत करायचं?" उत्तर यायचं, ३० दिवस. कायद्यात आहेत ९०. म्हणजे पन्नासाव्या दिवशी विचारणारा माणूस मुदत संपली समजून गप्प बसणार.

मी आधी मॉडेलला दिलेले उतारे बघितले. सगळ्यात वर होतं १९(१): पहिलं अपील, ३० दिवस. मॉडेलनं बरोबर वाचलं होतं, पण समोर आलेला उताराच चुकीचा होता.

असं का होतं? एम्बेडिंग मजकुराच्या अर्थाचे आकडे करतं आणि जवळचा अर्थ शोधतं. १९(१) आणि १९(३) दोन्ही अपिलाबद्दल, दोन्हींत मुदत. अर्थानं ती जुळी भावंडं. कंसातला एक आकडा तिथे हरवून जातो.

म्हणून जोडीला कीवर्ड सर्च घेतला, बीएम२५ पद्धतीचा. त्यात दुर्मिळ शब्दाला जास्त वजन मिळतं. 'कलम' सगळीकडे आहे, '१९(३)' क्वचित. पण आधी तीन कामं करावी लागली. कायद्यात पोटकलमापुढे नुसतं '(३)' असतं, म्हणून प्रत्येक उताऱ्याच्या डोक्यावर पूर्ण 'कलम १९(३)' लिहिलं. फोनवर लोक 19 टाइप करतात आणि मजकुरात १९ असतं, म्हणून अंक एकाच लिपीत आणले. आणि कंसापाशी शब्द तुटू नये अशी सोय केली.

आता दोन याद्या झाल्या. त्या एकत्र करायला प्रत्येक यादीतल्या क्रमांकावरून गुण द्यायचे आणि बेरीज करायची:

```
1 / (60 + rank)
```

समजा १९(३) एम्बेडिंगमध्ये नववं, कीवर्डमध्ये पहिलं आलं: १/६९ + १/६१, म्हणजे साधारण ०.०३०९. आणि १९(१) तिकडे पहिलं, इकडे चौथं: १/६१ + १/६४, साधारण ०.०३२०. म्हणजे चुकीचं अजूनही पुढेच! पण बरोबर उतारा आता अगदी मागोमाग आहे.

इथे रीरँकर लागतो. तो प्रश्न आणि उतारा एकत्र वाचून गुण देतो, त्यामुळे कंसातला फरक पकडण्याची शक्यता बरीच वाढते. मात्र तो हळू चालतो, म्हणून त्याला वरचे तीसच उतारे द्यायचे. आणि तो मराठी शिकलेला हवा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. बरोबर उतारा त्या तिसांतच नसेल, तर रीरँकर तो आणणार कुठून? म्हणून खरे प्रश्न घेऊन दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजा: बरोबर उतारा पहिल्या तिसांत किती वेळा येतो, आणि रीरँकरनंतर पहिल्या तिनांत किती वेळा. पहिला आकडा कमी असेल तर शोध दुरुस्त करा. पहिला चांगला आणि दुसरा कमी, तर रीरँकर बदला. दोन्ही चांगले असून उत्तर चुकतंय? मग मॉडेलकडे वळा.