एकाच खडकाच्या दोन मृदा : काळी रेगूर आणि कोकणचा जांभा
(मंगरूळपीर येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंगरूळपीरच्या शिवारात विहीर खणली, तर काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे खडे, मग मुरूम आणि अखेरीस काळा पाषाण लागतो. रत्नागिरीच्या सड्यावर खणले, तर तांबूस, सच्छिद्र जांभा लागतो आणि पुष्कळ खोल गेल्यावर त्याच्या बुडाशी तोच काळा पाषाण हाती येतो. दोन्हीकडचा मूळ खडक बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. उन्हाळा-पावसाळ्याचे चक्रही दोन्हीकडे आहे. मग एके ठिकाणी काळी रेगूर आणि दुसरीकडे जांभा, हा भेद कशाने झाला, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

पाणी काय नेते आणि काय ठेवते

पावसाचे पाणी हवेतून, आणि त्याहून अधिक प्रमाणात मातीतील कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून, कर्बद्विप्राणिद वायू शोषून घेते. त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी होते. हे पाणी बेसाल्टच्या भेगांत शिरले की खनिजांचे विघटन सुरू होते. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे क्षार प्रथम विरघळतात. त्यांच्या मागून, फार सावकाश, सिलिका विरघळते. लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मात्र हवेशीर जमिनीत जवळजवळ विरघळतच नाहीत, ती जागीच राहतात. विरघळलेली द्रव्ये पाण्याबरोबर खाली झिरपून निघून जाण्याच्या या क्रियेस निक्षालन म्हणतात. उष्ण हवेत रासायनिक क्रिया जलद होतात, म्हणून थंड प्रदेशापेक्षा आपल्याकडे ही धुलाई वेगाने होते.

हिशेबासाठी एक ढोबळ उदाहरण घेऊ. १०० किलो बेसाल्टमध्ये सुमारे ५० किलो सिलिका, १४ किलो ॲल्युमिना, १३ किलो लोह-ऑक्साइड, १६ किलो चुना व मॅग्नेशिया आणि २ किलो टायटॅनियमचे ऑक्साइड असते असे समजू. चुना व मॅग्नेशिया पूर्णपणे वाहून गेला आणि सिलिकेपैकी ४५ किलो गेली, पण ॲल्युमिना, लोह व टायटॅनियम तसेच राहिले, तर ३४ किलो द्रव्य उरते. नव्या खनिजांनी बांधून घेतलेले १० किलो पाणी त्यात मिळवले, की ४४ किलो होतात. आता त्यात ॲल्युमिनाचा वाटा १४ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आणि लोहाचा १३ वरून ३० टक्क्यांवर गेलेला दिसेल. लोह कोठून आणून टाकलेले नाही. बाकीचे गेले म्हणून ते वाढलेले दिसते. जांभ्याचे मर्म या वजाबाकीत आहे. जेथे सिलिकेबरोबर लोहही बरेचसे निघून जाते, तेथे ॲल्युमिनियमचे खनिज बॉक्साइट बनते. कोल्हापूर जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर ते जांभ्यातच आढळते.

ऋतुचक्राचे कार्य

नुसती धुलाई झाली तर मऊ तांबडी माती तयार होईल. तिचा दगड होण्यास ऋतूंची आलटापालट लागते. पावसाळ्यात भूजलाची पातळी वर येते आणि पाण्याखालच्या थरात हवा राहत नाही. तेथील लोह अशा अवस्थेत जाते, की ते पाण्यात विरघळून थोडेफार इकडेतिकडे सरकू शकते. पुढे उन्हाळ्यात पातळी खाली गेली, की रिकाम्या छिद्रांत हवा शिरते, लोह पुन्हा गंजते आणि कणांभोवती लेप देऊन बसते. हा क्रम लक्षावधी वर्षे चालला, की लोहाच्या गाठी व जाळी तयार होतात आणि मधली पांढुरकी माती धुऊन जाऊन नळ्यांसारखी छिद्रे उरतात.

चिरेखाणीत हे प्रत्यक्ष दिसते. ताजा चिरा ओलसर व मऊ असतो, हत्याराने सहज तासता येतो. उघड्यावर राहिला की तो वाळून कठीण होतो आणि पुन्हा भिजवला तरी पूर्ववत मऊ होत नाही. फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारमधील अंगाडीपुरम येथे विटांप्रमाणे कापला जाणारा हा दगड पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याला विटेच्या लॅटिन नावावरून 'लॅटेराइट' हे नाव दिले.

मंगरूळपीरला जांभा का नाही?

रत्नागिरीस वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्याकडे तो साधारण ८०० ते ९०० मिलिमीटर. त्यातील बराचसा भाग पीक आणि बाष्पीभवन यांत खर्च होतो. खोलवर झिरपून क्षार बाहेर नेण्यास फारसे पाणी उरत नाही. म्हणून येथे विरघळलेला चुना शिवाराबाहेर जात नाही, थोडा खाली उतरतो आणि पाणी आटले की खड्यांच्या रूपाने साचतो. विहिरीत दिसणारी चुनखडी ही अर्ध्यावर थांबलेल्या निक्षालनाची खूणच होय. सिलिका व मॅग्नेशियम मागे राहिल्यामुळे त्यांच्यापासून पाण्याने फुगणारी चिकणमाती बनते. म्हणूनच आपली जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. यावरून दिसते, की उष्णता व ऋतुबदल एवढ्यावर जांभा होत नाही. खर्च भागून उरणारे भरपूर पाणी आणि ते वाहून जाण्यास निचऱ्याची वाट, ही दोन्ही लागतात.

येथे एक सावधगिरी बाळगावी. तांबडी दिसणारी प्रत्येक माती जांभी नसते. आपल्या भागात विहीर खणताना पाषाणाच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा लागू शकतो. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात बनलेला तो पातळ थर असतो, त्याला जांभा समजू नये. खूण सोपी आहे : जांभ्यात नळीसारखी छिद्रे असतात आणि तो हवेत कठीण होतो. चुनखडीयुक्त काळ्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर ती फसफसते, जांभी माती फसफसत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग सहज करता येतो.

शेतीचा सल्ला वेगळा का?

हा भेद न ओळखता एका भागाचा सल्ला दुसऱ्या भागात वापरला, तर पैसा वाया जातो. जांभ्या जमिनीतील क्षार धुऊन गेलेले असल्यामुळे ती आम्लधर्मी असते, म्हणून तेथे माती तपासून चुना घालणे योग्य ठरते. मंगरूळपीरच्या चुनखडीच्या जमिनीत चुना मुळातच भरपूर आहे, तेथे तो घालणे निरर्थक आहे. स्फुरदाचेही तसेच. जांभ्यात लोह व ॲल्युमिनियम त्याला पकडून ठेवतात, तर आपल्याकडे चुना. खडक-स्फुरदाची पूड आम्लधर्मी जमिनीत हळूहळू विरघळून पिकास मिळते, पण चुनखडीच्या जमिनीत ती जवळजवळ तशीच पडून राहते. येथे पाण्यात विरघळणारे स्फुरदयुक्त खत, पेरणीच्या वेळी बियाण्याजवळच्या ओळीत दिलेले, अधिक उपयोगी पडते.

पाण्याबाबतही हेच लक्षात घ्यावे. जांभा सच्छिद्र असल्याने कोकणात एवढा पाऊस पडूनही सड्यावरचे पाणी लवकर झिरपून जाते आणि उन्हाळ्यात टंचाई भासते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, परंतु निचरा मंद असल्यामुळे अति ओलिताने खालचे क्षार वर येतात आणि जमीन खारवते.

तेव्हा ग्रामपंचायतीच्या सभेत खताचा वा पाण्याचा प्रश्न आला, की पावसाचा आकडा पाहण्याआधी त्या पावसाने आपल्या जमिनीतून काय नेले आणि काय मागे ठेवले, हे पाहावे. त्यासाठी गावातील एखाद्या नव्या विहिरीचा कापच पुरेसा आहे.