खंडेनवमीची हत्यारे आणि दसऱ्याची पाटी

भिलाईच्या कारखान्यात यंत्रे पुजली जातात ती विश्वकर्मा पूजेला. ती सूर्याच्या कन्यासंक्रांतीशी बांधलेली असल्याने १७ सप्टेंबरच्या आसपासच येते. मराठी घरातील खंडेनवमी मात्र आश्विन शुद्ध नवमीची, म्हणून दरवर्षी पुढेमागे सरकते. खंडा म्हणजे तलवार. तिच्या जागी मरोद्यासारख्या कामगारवस्तीत पाना, करवत, विळी आणि दुचाकी येते.

ही पूजा खरी सुरू होते ती पुसण्यापासून. जुने वंगण निघाले की हातोड्याचा सैल दांडा दिसतो, ब्रेकची झिजलेली तार दिसते. ती तशीच ठेवून वर झेंडूचा हार घातला, तर कृतज्ञता अपुरीच म्हणावी लागेल. ओले कुंकू लोखंडावर राहिले की त्याखाली गंज धरतो. म्हणून नवमीची रात्र देवापुढे विसावलेले हत्यार दसऱ्याला कोरडे पुसून त्यावर तेलाचा हात फिरवावा.

दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती रेखाटली जाते आणि तिच्याजवळ पुस्तके मांडली जातात. अभ्यासाला सुट्टी, म्हणून मुले खूश! पण पान्याला लावलेला नियम पुस्तकालाही लागू आहे: उसवलेली शिवण आधी घालावी, सुटलेले पान चिकटवावे, मगच त्यावर फूल वाहावे.