सहाशे रुपयांचा हिशोब



रिठद गावच्या एका मुलीनं शिष्यवृत्तीसाठी लिहिलेला निबंध मला वाचायला दिला. घरातली ती पहिली पदवीधर. अर्जातला प्रश्न नेतृत्वाचा होता आणि मर्यादा ३०० शब्दांची. तिची सुरुवात अशी होती: ‘अशिक्षित आईवडिलांच्या पोटी जन्मूनही मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे.’ पुढे महिलांचं आर्थिक सक्षमीकरण आलं होतं. कोणत्या महिला आणि काय केलं, ते मात्र कुठंच नव्हतं.

मी पेन हातात घेतलं नाही. चुका दुरुस्त करायला बसलो असतो, तर निबंध माझा झाला असता आणि मुलाखतीत पहिल्याच उलटप्रश्नाला ती अडली असती. कागद बाजूला ठेवून विचारलं, ‘हे सक्षमीकरण म्हणजे नेमकं काय झालं?’

मग ती बोलायला लागली. मायच्या बचत गटात अकरा बायका, महिन्याला शंभर रुपये. एकदा माय म्हणाली, सहाशे कमी आहेत. ‘मायले सगळं तोंडपाठ असते, सर. मी वही न् पासबुक जुळवलं, तं तिघींचे दोन-दोन महिने वहीत चढलेच नव्हते.’ तेव्हापासून दर बैठकीत ती प्रत्येकीची नोंद मोठ्यानं वाचून दाखवते.

निबंध हाच होता. ती बोलली तसं मी उतरवून घेतलं आणि तो कागद तिच्याच हाती दिला. ‘अशिक्षित’ हा शब्द तिनं आपणहून खोडला. चूक तर मायनंच पकडली होती. माझं काम समासात प्रश्न लिहिण्यापुरतं: वही कोण लिहायचं? बायका रागावल्या का? आवडीनिवडीची सुरुवात गेली आणि शब्द आपोआप मर्यादेत आले. इंग्रजी करतानाही ‘बचत गट’ तसाच ठेवला, पुढे अर्ध्या वाक्यात अर्थ दिला.

शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंप्री खंदारे गावचे राजू केंद्रे २०२१ मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेले. त्या अर्जातही नेतृत्वाचा निबंध असतो. अशा ठिकाणी निवडणाऱ्याला रिठद ठाऊक नसतं. त्याला त्या वहीपर्यंत नेण्याचं काम तुमच्या वाक्यांनाच करावं लागतं.

शेवटी एका वाक्यावर आम्ही बराच वेळ अडलो. ‘आता सगळ्या बायका सही करतात’, असं तिनं लिहिलं होतं. मी निबंध मोठ्यानं वाचत होतो आणि तिथं आल्यावर तिनं मान खाली घातली. विचारलं, ‘खरंच सगळ्या?’

‘चौघी, सर.’

तिनं ‘चौघी’ लिहिलं, आणि पुढे उरलेल्या सातजणी अजून अंगठा का लावतात, तेही लिहिलं.