वाजवी सोय आणि अवाजवी बोजा

दिव्यांग कर्मचाऱ्याला काम करता यावे म्हणून मालकाने कामाच्या पद्धतीत, साधनांत किंवा वेळापत्रकात जो आवश्यक आणि योग्य बदल करावयाचा असतो, त्याला येथे ‘वाजवी सोय’ म्हटले आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. वाजवी सोयीसाठी कराव्या लागणाऱ्या बदलामुळे त्या विशिष्ट प्रकरणात मालकावर प्रमाणाबाहेरचा किंवा अवाजवी बोजा पडू नये, अशी मर्यादा कायद्याने व्याख्येतच घातली असून, अशी सोय नाकारणे हा भेदभावाचाच एक प्रकार आहे, असेही त्याने स्पष्टपणे नमूद केले आहे. बोजा किती झाला म्हणजे तो अवाजवी ठरतो, याचे कोणतेही माप मात्र कायद्यात दिलेले नाही, आणि नोकरीच्या ठिकाणचे बहुतेक वाद याच मोकळ्या जागेत उभे राहतात.

‘वाजवी’ म्हणजे ‘स्वस्त’ किंवा ‘मालकाला परवडेल तेवढी’ असा अर्थ अनेक ठिकाणी गृहीत धरला जातो. तो चुकीचा आहे. भारताने 2007 मध्ये मान्यता दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराची देखरेख करणाऱ्या समितीने 2018 मध्ये या शब्दाचे विवरण केले. त्यानुसार सोय वाजवी आहे की नाही हे त्या व्यक्तीची अडचण त्या सोयीने खरोखर दूर होते का यावरून ठरते, तर खर्चाचा आणि व्यवस्थेवर होणाऱ्या परिणामाचा विचार बोजाच्या स्वतंत्र कसोटीत करावयाचा असतो. हे दोन प्रश्न एकत्र मिसळले की, उपयोग होईल का हे न तपासताच खर्चाच्या नावाखाली नकार देणे सोपे होते.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये, लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका परीक्षार्थीच्या लेखनिकाच्या मागणीवर निकाल देताना दोन गोष्टी ठाम केल्या. पहिली अशी की, किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी लागते, वाजवी सोयीच्या हक्कासाठी ती अट लावता येत नाही. आणि दुसरी अशी की, सोय ही त्या एका व्यक्तीच्या गरजेवर आधारलेली असल्याने ती तिच्याशी बोलूनच ठरवावी लागते. त्यामुळे ‘तुमचे प्रमाणपत्र 30 टक्क्यांचे आहे’ हे उत्तर कायद्याने पुरेसे नाही.

ही कसोटी प्रत्यक्षात कशी लावावी हे पाहण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. तालुक्याच्या गावातील, पंचवीस कर्मचारी असलेल्या एका पतसंस्थेतील लिपिकाची दृष्टी डोळ्याच्या पडद्याच्या विकाराने हळूहळू मंदावत आहे. त्याचे काम चार भागांचे आहे: संगणकावर नोंदी करणे, धनादेशावरील सह्या पडताळणे, कर्जदारांशी फोनवर बोलून हप्त्यांचा पाठपुरावा करणे आणि पत्रव्यवहार सांभाळणे. येथे पहिली पायरी म्हणजे पदाचा गाभा कोणता आणि केवळ वहिवाटीने त्या टेबलावर येणारे काम कोणते, हे वेगळे करणे. सह्यांची पडताळणी शेजारच्या सहकाऱ्याकडे देऊन त्याच्याकडचा फोनवरील पाठपुरावा या लिपिकाने घेतला, तर कोणाचेही काम वाढत नाही. केवळ कामाची अदलाबदल होते.

नोंदींचा प्रश्न अधिक किचकट आहे. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी एनव्हीडीएसारखी संगणकप्रणाली मोफत मिळते, त्यामुळे बहुतेकांना येथेच प्रश्न सुटला असे वाटते. प्रत्यक्षात पतसंस्थेच्या हिशेबाच्या प्रणालीत बटणांना नावे दिलेली नसतील, किंवा सर्व काम माऊसनेच करावे लागत असेल, तर वाचक प्रणाली गप्प राहते किंवा प्रत्येक ठिकाणी ‘बटण’, ‘बटण’ एवढेच बोलते. स्कॅन केलेले व्हाउचर हे तिच्या दृष्टीने अक्षरे नसलेले चित्र असते. लिपिकाला तासभर शेजारी बसवून त्याच्याकडून एक नोंद करवून घेतली की हा अडथळा कोठे आहे हे लगेच कळते. न विचारता मोठा पडदा विकत आणून देणाऱ्या संस्थेला तो कधीच कळत नाही, आणि पुढे ‘सोय दिली होती, तरी काम जमले नाही’ असा शेरा सेवापुस्तकात जातो.

आता बोजाचे वजन करू. समजा, हिशेबाची प्रणाली पुरवणाऱ्याने तिच्यातील बटणांना नावे देण्याचा बदल करण्यासाठी एकदाच 60,000 रुपये मागितले. प्रणाली पाच वर्षे वापरली जाणार असेल, तर हा खर्च दरमहा 1,000 रुपये पडतो, आणि उद्या येणाऱ्या दुसऱ्या अल्पदृष्टी कर्मचाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो. याउलट लिपिकाने प्रत्येक कागद वाचून नोंद करण्यासाठी पूर्णवेळ मदतनीस मागितला, आणि त्याचा पगार 15,000 रुपये धरला, तर पाच वर्षांत नऊ लाख रुपये होतात. शिवाय पदाचा गाभाच दुसरी व्यक्ती पार पाडते. पंचवीस जणांच्या संस्थेत ही दुसरी मागणी अवाजवी ठरण्याचा संभव मोठा आहे, पहिली ठरणे कठीण. हीच मागणी शेकडो शाखांच्या बँकेकडे केली, तर तराजू बदलतो, कारण समितीच्या विवरणानुसार बोजा मोजताना एका शाखेची तरतूद नव्हे, तर संपूर्ण संस्थेची ताकद आणि मिळू शकणारे सरकारी अनुदानही धरावे लागते. ‘आमच्या शाखेच्या खर्चात हे बसत नाही’ हा मोठ्या संस्थांतून वारंवार दिला जाणारा नकार म्हणूनच टिकणारा नाही.

सुरक्षेचे कारण खरे असू शकते, पण ते विशिष्ट धोका दाखवून सिद्ध करावे लागते. सहकाऱ्यांची नाराजी, ग्राहकांना कसे वाटेल याची भीती किंवा ‘एकाला दिले तर सगळे मागतील’ ही शंका बोजात मोडत नाही. बोजा अवाजवी आहे हे दाखवण्याची जबाबदारी मालकाची आहे; तो तसा नाही हे कर्मचाऱ्याने सिद्ध करावयाचे नसते.

जम्मू-काश्मीरमधील, मेंदूच्या पक्षाघाताने बाधित एका शिक्षकाला फळ्यावर लिहिता येत नाही म्हणून बाजूला करण्यात आले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ही अडचण विद्युत साधनाने दूर करता येते असे सांगून त्याच्या बाजूने निकाल दिला. फळ्यावर लिहिणे म्हणजेच शिकवणे नव्हे, गाभा आणि पद्धत यांतील हा फरक त्या निकालाच्या मुळाशी आहे.

सरकारी आस्थापनांवरील कर्तव्य कलम 20 मुळे अधिक कडक आहे: सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही, त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते, आणि तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या जादा पदावर, ठेवावे लागते. खासगी संस्थेला हे कलम थेट लागू नाही, आणि ही कायद्यातील खरी उणीव आहे. तरीही कलम 3 मधील भेदभावाची मनाई सरकारी आणि खासगी असा फरक करत नाही, आणि समान संधी धोरण जाहीर करणे कलम 21 नुसार प्रत्येक आस्थापनेला बंधनकारक आहे.

महाराष्ट्रात याबाबतची तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करता येते. त्यासाठी सोयीची मागणी तोंडी न करता कामाचा कोणता भाग कोठे अडतो हे नमूद करून लेखी करावी, नकाराचे कारण लेखीच मागावे, आणि मूळ अर्जाची पोच जपून ठेवावी.