अंगठ्याखाली गेलेला शब्द



गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याने मला मोबाइलवर फोटो पाठवला. वहीचे पान, त्यावर पेन्सिलीने उतरवलेले एक गणित, आणि पानाच्या उजव्या कोपऱ्यावर वही धरलेला त्याचाच अंगठा. गणित असे होते: ‘एक फासा टाका. जे दान पडेल तितक्या वेळा फासा पुन्हा टाका. आलेल्या दानांची बेरीज करा (पहिले दान’... आणि पुढे अंगठा. खाली प्रश्न: ‘बेरजेचे अपेक्षित मूल्य किती?’ त्याचे उत्तर होते 12.25, त्याच्या मैत्रिणीचे 15.75. दोघांपैकी बरोबर कोण, असे त्याने विचारले होते.

अपेक्षित मूल्य म्हणजे हाच खेळ हजारो वेळा खेळलो तर बेरजेची सरासरी जिथे स्थिरावेल तो आकडा. एका फाशाचे अपेक्षित मूल्य 3.5, कारण एक ते सहाची बेरीज 21 आणि बाजू सहा. इथपर्यंत कुणाचीच अडचण नसते. अडचण सुरू होते ती या गणितात दोन टप्पे आहेत म्हणून. फासा किती वेळा टाकायचा हेच आधी माहीत नाही, तर बेरजेची सरासरी काढायची कशाची?

अशा वेळी एक साधी युक्ती करतात. जे माहीत नाही ते क्षणभर माहीत आहे असे धरायचे. पहिल्या फेकीत चार पडले असे समजा. आता कोडे उरले नाही. चार फासे, प्रत्येकाची सरासरी 3.5, म्हणून बेरजेची सरासरी 14. याला म्हणतात सशर्त अपेक्षा: ‘पहिले दान चार असेल तर’ या अटीखालची सरासरी. एक पडले तर ती 3.5, दोनला 7, तीनला 10.5, पाचला 17.5, सहाला 21. पहिल्या दानाला N म्हटले आणि नंतरच्या बेरजेला S, तर ही सगळी यादी एका ओळीत मावते:

E[S | N] = 3.5 × N

इथे थोडे थांबा, कारण बहुतेकांचा पाय इथेच घसरतो. उजवीकडे दिसते ती एक ठरलेली संख्या नाही. फासा पडेपर्यंत N कळत नाही, म्हणून 3.5 × N ही राशीही तोवर अधांतरीच असते. सशर्त अपेक्षा हे उत्तर नव्हे, ती सहा संभाव्य उत्तरांची यादी आहे. त्या यादीचीच पुन्हा सरासरी घ्यायची. सहाही शक्यता सारख्याच, म्हणून 3.5, 7, 10.5, 14, 17.5 आणि 21 यांची बेरीज 73.5, भागिले 6. आले 12.25. सरासऱ्यांची अशी सरासरी घेतली की मूळ सरासरी मिळते, यालाच संपूर्ण अपेक्षेचा नियम म्हणतात:

E[S] = E[ E[S | N] ]

म्हणजे पहिले दान बेरजेत धरले नाही, तर विद्यार्थ्याचे उत्तर चुकलेले नव्हते. मात्र मी त्याला ते कसे काढले असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘सर, साडेतीन गुणिले साडेतीन.’ मी म्हटले, गुणायचे का? तो म्हणाला, ‘N वेळा X, म्हणून S बरोबर N गुणिले X.’ उत्तर बरोबर, कारण चुकीचे. एकच फासा टाकून त्याचे दान N पट केले तर सरासरी खरोखरच 12.25 येते, पण तो खेळच वेगळा. त्या खेळात 36 येण्याची शक्यता छत्तिसात एक. आपल्या खेळात 36 यायला आधी सहा पडायला हवे आणि त्यानंतर सलग सहा वेळा सहा, म्हणजे 2,79,936 मध्ये एक. सरासरी जुळली म्हणून गणित जुळले असे होत नाही.

मग गुणाकार चालतो तो कशाच्या जोरावर? ‘चार पडले असे समजा’ म्हटल्यावर आपण पुढच्या चार फाशांची सरासरी 3.5 धरली. पहिल्या फेकीची बातमी पुढच्या फाशांना नसते, म्हणून ते धरता आले. ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली तर काय होते, ते एका उदाहरणात पाहू.

नवा खेळ असा: सहा पडेपर्यंत फासा टाकत राहा, आणि सहाच्या आधीच्या दानांची तेवढी बेरीज करा. पहिले सहा येण्याआधी सरासरी पाच फेकी होतात. त्या विद्यार्थ्याच्या रीतीने उत्तर येईल 5 × 3.5, म्हणजे 17.5. ते चूक आहे. अट लावून पाहा: ‘सहाच्या आधी चार फेकी झाल्या’ असे समजा. म्हणजे त्या चारांपैकी एकातही सहा नव्हते. त्या प्रत्येक दानाला एक ते पाच एवढेच आकडे मोकळे होते, म्हणून त्याची सरासरी 3. सहाच्या आधीच्या फेकींच्या संख्येला N म्हटले, तर सशर्त अपेक्षा 3 × N, आणि तिची सरासरी 3 × 5 = 15. खरे उत्तर 15. नियम इथेही चोख चालला. 17.5 म्हणणाऱ्याची चूक पहिल्या पायरीवर झाली, अटीमुळे फासे बदलले हे त्याने पाहिले नाही.

आता शेवटचे सहाही बेरजेत धरा. 15 अधिक 6 म्हणजे 21. फेकी सरासरी सहा, आणि 6 × 3.5 हेही 21! गुणाकार परत आला. हा योगायोग नाही. अब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याचे कारण मांडले. थांबायचे की नाही हे आतापर्यंत पडलेल्या दानांवरूनच ठरत असेल आणि थांबायला लागणाऱ्या फेकींची सरासरी मर्यादित असेल, तर सरासरी फेकी गुणिले सरासरी दान हे खरे ठरते. ‘सहाच्या आधी थांबा’ म्हणणाऱ्याला मात्र पुढचे दान आधी पाहावे लागते, म्हणून तिथे ते मोडते. माल तपासताना किती नग पाहून थांबायचे, या प्रश्नातून वाल्डचे हे काम उभे राहिले. 1950 च्या डिसेंबरमध्ये तो व्याख्यानांसाठी भारतात आला असताना निलगिरीत विमान अपघातात गेला.

आता मैत्रिणीचे 15.75. तिने पहिले दानही बेरजेत घेतले: 3.5 अधिक 12.25. तिची रीतही निर्दोष होती. वाद गणिताचा नव्हताच, अंगठ्याखाली ‘धरून’ होते की ‘सोडून’, एवढाच होता. मी त्याला पान पुन्हा पाठवायला सांगितले. शब्द होते ‘पहिले दान धरून’. मैत्रीण बरोबर होती.

तेव्हा अशा गणिताशी गाठ पडली की दोनच गोष्टी विचारा: बेरजेत नेमके काय धरायचे आहे, आणि किती वेळा हे ठरवणाऱ्याला पुढची दाने दिसत आहेत का. आणि फोटो पाठवाल तेव्हा अंगठा जरा बाजूला घ्या.