कर्मण्येवाधिकारस्ते : चौथ्या चरणापासून वाचताना



दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा सोडून आपल्यापैकी पुष्कळजण इकडे गोत्रीला राहायला आले, तेव्हा सामानाबरोबर गीतेची एखादी जुनी प्रतही आली असेल. ती उघडली न उघडली तरी दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक घरात येतोच. परीक्षेचा निकाल लागला की येतो, बढती हुकली की येतो, आणि कुणाला त्याचे पैसे द्यायचे नसले की हमखास येतो. म्हणून तो म्हणून दाखवत नाही. तुम्हा सर्वांना तो पाठ आहे, आणि माझ्या मते अडचण नेमकी तीच आहे. पाठ असतो तो अर्धा. दुसऱ्या चरणापाशी आपण थांबतो आणि म्हणतो, "कर्म करावं, फळाची आशा धरू नये." श्लोकाला चार चरण आहेत. आज मी शेवटाकडून सुरुवात करणार आहे.

चौथ्या चरणात भगवान सांगतात की अकर्माच्या ठिकाणी तुझा संग नको. म्हणजे काही न करण्याची ओढ तुला लागू देऊ नकोस. हे कुणाला सांगावं लागतं? फळाला हपापलेला माणूस तर धावतच असतो. न करण्याची ओढ लागते ती हात गाळून बसलेल्याला, आणि रथात तसाच माणूस बसला आहे. पहिल्या अध्यायातलं अर्जुनाचं बोलणं या दृष्टीनं पुन्हा वाचून पाहा. ते सगळं परिणामांचं गणित आहे. कुळ बुडेल, कुलधर्म बुडतील, पितरांना पिंड मिळणार नाहीत. दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो की यापेक्षा भीक मागून जगणं बरं. लगेच पुढे हेही कबूल करतो की आपण जिंकावं की त्यांनी जिंकावं, यातलं काय बरं हेच कळत नाही. शेवटी "लढणार नाही" असं सांगून गप्प बसतो. त्याला राज्याचा लोभ सुटलेला नाही. फळाच्या विचारानंच त्याचे हात गळाले आहेत. भीतीच्या रूपानं आलेलं फळही फळच, हे आपल्या ध्यानात राहत नाही.

लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'त या चार चरणांना कर्मयोगाची चतुःसूत्री म्हटलं आहे. मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात पेन्सिलीनं लिहिलेला हा ग्रंथ 1915 मध्ये छापून आला. टिळकांची मांडणी वकिली आहे, आणि इथे ती फार उपयोगी पडते. त्यांच्या मते प्रत्येक चरण आधीच्या चरणातून निघणाऱ्या गैरसमजाला उत्तर देतो. कर्म करण्यापुरता तुझा अधिकार, असं म्हटलं की ऐकणारा म्हणेल, झाड माझं तर फळही माझंच. म्हणून दुसरा चरण सांगतो की फळावर तुझा अधिकार नाही. मग तो म्हणेल, अधिकार नसेना, मनात हेतू ठेवायला काय हरकत? म्हणून तिसरा चरण. शेवटी तो रुसून म्हणेल, फळ हातात नाही आणि हेतूही धरायचा नाही, तर मग करू कशाला? त्याला चौथा चरण उत्तर देतो. म्हणजे श्लोकाचं सगळं वळण या रुसव्याकडे चाललेलं आहे. आपण दुसऱ्या चरणावर थांबतो, तेव्हा रुसव्याचं कारण तेवढं सांगतो आणि उत्तर गाळतो.

आता 'अधिकार' या शब्दाकडे वळू. मराठीत अधिकार म्हटलं की कचेरीतला अधिकारी डोळ्यांपुढे येतो किंवा आपले गुजराती शेजारी म्हणतात तसा 'हक्क'. हा शब्द गीतेच्या काळच्या ऐकणाऱ्याला यज्ञशाळेतला वाटला असता. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा अख्खा सहावा अध्याय अधिकारावर आहे. अमुक यज्ञ करायला पात्र कोण, हा तिथला प्रश्न. उत्तर असं की ज्याला त्या यज्ञाचं फळ हवं आहे तो. ज्याला स्वर्ग हवा तो स्वर्ग देणाऱ्या यज्ञाचा अधिकारी. फळाची इच्छा हीच पात्रता, आणि कर्म करणाराच फळाचा धनी. मीमांसकांच्या लेखी कर्माचा अधिकार आणि फळाचा अधिकार एकमेकांपासून सुटे होतच नाहीत.

गीतेनं हाच शब्द उचलून मधोमध चिरला. कर्माकडचा अर्धा भाग अर्जुनाच्या हाती दिला आणि फळाकडचा काढून घेतला. हे अचानक घडलेलं नाही. चार-पाच श्लोक आधीच, स्वर्गालाच सर्वस्व मानणाऱ्या आणि भोग-ऐश्वर्यासाठी क्रियांचा पसारा मांडणाऱ्या वेदवादी मंडळींवर कडक टीका आहे. तिच्यामागून सत्तेचाळिसावा श्लोक आला की तो मीमांसकांना दिलेलं उत्तर आहे हे लगेच कळतं. एकटा काढून भिंतीवर लावला की ते कळत नाही.

इथे आचार्यांचा मतभेद सांगणं भाग आहे. पहिल्या चरणातल्या 'एव'चा अर्थ शंकराचार्य असा घेतात की अर्जुना, तुझा अधिकार कर्मातच आहे, ज्ञाननिष्ठेत नाही. म्हणजे ही पायरी खालची, चित्त शुद्ध होईपर्यंतची. टिळकांना ते मान्य नाही. कर्मयोग हा स्वतंत्र मार्ग आहे आणि ज्ञान झाल्यावरही तो सुटत नाही, असा त्यांचा पक्ष. मला श्लोकाच्या जागेपुरतं टिळकांचं म्हणणं सरळ वाटतं, कारण अकर्माचा मोह चौथ्या चरणात इतक्या स्पष्टपणे नाकारला आहे. पूर्ण गीतेचा प्रश्न वेगळा, तो एका संध्याकाळचा नाही.

फळावर अधिकार का नाही? अठराव्या अध्यायात याचं कारण फार व्यवहारी भाषेत दिलं आहे. कोणतंही कर्म सिद्धीला जायला पाच कारणं लागतात. कर्म जिथे घडतं ते अधिष्ठान, करणारा, त्याची साधनं, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवं दैव. करणारा पाचातला एक. शेतकऱ्यानं पेरलं, पण जमीन, बी-औत, राबणं आणि पाऊस यांतलं काही हुकलं तर पीक येत नाही. पाचात एक वाटा असलेल्यानं सगळ्या पिकाचा धनी म्हणवून घ्यायचं, हा हिशेबच चुकीचा.

म्हणून परिणामाचा विचारच करू नये असं मात्र नाही. त्याच अध्यायात परिणाम, नुकसान, दुसऱ्याला होणारी इजा आणि आपली ताकद न बघता सुरू केलेल्या कर्माला तामस म्हटलं आहे. शस्त्रक्रियेआधी रोग्याची साखर न तपासणारा डॉक्टर अनासक्त ठरत नाही. गांधीजींनी 'अनासक्तियोगा'च्या प्रस्तावनेत हेच बजावलं आहे: परिणाम, साधन आणि आपलं सामर्थ्य यांचं ज्ञान हवंच. परिणामाचा अंदाज घेणं हा कर्माचाच भाग आहे. सोडायची आहे ती त्यावरची मालकी.

आता सुरुवातीला उल्लेख केलेल्या त्या 'हमखास' प्रसंगाकडे येतो. मोलकरणीचा पगार लांबवायचा, संस्थेतल्या शिक्षकाला तुटपुंज्या मानधनावर राबवायचं, घरात सुनेनं केलेल्या कामाची दखल घ्यायची नाही, आणि वर हा श्लोक ऐकवायचा. व्याकरणच याच्या आड येतं. श्लोकात 'ते' आहे, म्हणजे 'तुझा'. हे एकवचन ज्याच्या त्यानं स्वतःला लावायचं आहे. शिवाय पगार हे काम करणाऱ्याचं फळ असेल-नसेल, पगार देणं हे देणाऱ्याचं कर्म आहे. त्याचा अधिकार तिथेच आहे, आणि तो टाळला की त्याला चौथा चरण लागू होतो. सांगणाऱ्याकडेही पाहावं. हा श्लोक सांगणारा स्वतः घोड्यांचे लगाम धरून पुढे बसला आहे. तो वरून हुकूम सोडत नाही.

एक उदाहरण आपल्याच शहरातलं आहे. विनोबा भावे बडोद्यात वाढले, इथल्या हायस्कुलात आणि कॉलेजात शिकले. त्यांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, गीता समजून घ्यायची होती आणि संस्कृत येत नव्हतं. मुलानं मराठी भाषांतरं आणून दिली, ती त्यांना जड गेली. तेव्हा त्या म्हणाल्या की तूच का करत नाहीस? 1916 च्या मार्चमध्ये विनोबा इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले आणि सुरतेला उतरून काशीला गेले. 1918 मध्ये आई इथेच वारल्या.

श्लोक इथे लावून पाहा. आईनं वाचावं हे फळ, आणि ते फळ कायमचं गेलं. ज्याला फळाचाच हेतू असेल त्याच्यासाठी काम इथे संपतं. "आता कुणासाठी?" हा प्रश्न अगदी माणुसकीचा आहे, आणि अकर्माचा संग असाच माणुसकीचं रूप घेऊन येतो. विनोबांनी 7 ऑक्टोबर 1930 ला 'गीताई' लिहायला घेतली आणि 6 फेब्रुवारी 1931 ला संपवली. चार महिन्यांत सातशे श्लोक, श्लोकास श्लोक. 1932 मध्ये पुस्तक निघालं, तेव्हा ते धुळ्याच्या तुरुंगात होते आणि दर रविवारी गीतेवर बोलत होते. साने गुरुजी ते उतरवून घेत होते.

पुढच्याच श्लोकाच्या निरूपणात ज्ञानेश्वर सांगतात की हाती घेतलेलं काम तडीला गेलं तर फार हरखू नये, आणि काही निमित्तानं अडलं तर त्या असमाधानानं खवळू नये. अर्धवट राहिलं तरी तेही नीटच झालं असं मानावं. हे ऐकून कुणाला वाटेल की मग काम कसंही केलं तरी चालेल. 'गीताई'चा पुढचा इतिहास पाहिला तर तसं दिसत नाही. विनोबा पुढे वर्षानुवर्षं तिचे शब्द बदलत राहिले. धाकटे बंधू शिवाजीराव भावे यांच्यासह त्यांनी तिचा शब्दार्थकोशही केला. जिच्यासाठी पहिला शब्द मागितला गेला ती वाचणार नव्हती, तरी मराठी वाचणाऱ्या कुणाही बाईचं एखाद्या शब्दापाशी अडू नये, एवढ्यासाठी ही खटपट.

तिसऱ्या चरणातल्या 'कर्मफलहेतुः' या समासाचे दोन विग्रह होतात, आणि त्यावरही बोलायला हवं होतं. फळ हाच ज्याचा हेतू आहे तो, असा एक, आणि कर्मफळाला कारण होणारा, असा दुसरा. पण वेळ झाली. ज्यांना रस असेल त्यांनी व्याख्यानानंतर थांबावं, मी शांकरभाष्याची प्रत बरोबर आणली आहे.