तांबडी रेघ आणि परका कोश



माझा आजचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की हा गृहस्थ आता ऱ्हस्व-दीर्घाचे नियम घोकून घेणार. तसे काही नाही. मला सांगायची आहे ती एका फजितीची गोष्ट, आणि त्या फजितीमागचे कारण.

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका वाचनालयाची स्मरणिका काढण्याचे काम माझ्याकडे आले. लेख संगणकावर टाइप झाले, मी ते वाचले. संगणकात शुद्धलेखन तपासणारी सोय असते, हे आपणांस ठाऊक आहेच. शब्द चुकला की त्याखाली तांबडी नागमोडी रेघ उमटते. तिला स्पेलचेकर म्हणतात. ती सोय चालू होती. स्मरणिका छापून आली, आणि आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी तिची एक प्रत मला परत आणून दिली. समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. ते एवढेच म्हणाले, "अहो, यंत्राने तपासले होते ना?"

तपासले होते, श्रोतेहो. पण कोणत्या भाषेच्या कोशाने, हे मी पाहिले नव्हते.

प्रथम हा तपासनीस काम कसे करतो ते पाहू. त्याला वाक्य कळत नाही, अर्थ कळत नाही. दोन मोकळ्या जागांमधला अक्षरांचा पुंजका तो उचलतो आणि आपल्याजवळच्या शब्दांच्या यादीत शोधतो. सापडला तर गप्प बसतो, न सापडला तर रेघ ओढतो. हनस्पेल नावाचा तपासनीस पुष्कळ ठिकाणी वापरला जातो. त्याच्याजवळ प्रत्येक भाषेच्या दोन फायली असतात. मराठीच्या फायलींची नावे `mr_IN.dic` आणि `mr_IN.aff` अशी असतात. पहिलीत शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. 'घर' हा शब्द यादीत एकदा असला की 'घराला', 'घरातून' ही रूपे दुसऱ्या फायलीच्या आधाराने ओळखली जातात. हिंदीच्या फायली निराळ्या, `hi_IN` या नावाच्या. दोन्हींची लिपी मात्र एकच, देवनागरी! आणि घोटाळा होतो तो इथेच. इंग्रजी मजकुराला चुकून फ्रेंच कोश लागला, तर सारे पान तांबडे होऊन माणूस तेव्हाच सावध होतो. मराठीला हिंदी कोश लागला, तर काही शब्द तांबडे होतात, काही होत नाहीत, आणि आपल्याला वाटते की यंत्र विचार करून निवड करीत आहे.

आता एक वाक्य घेऊ. स्मरणिकेच्या मसुद्यात ते असे होते:

"या गावात पानी नाही, परंतु लोकांची शक्ति आणि बुद्धि मोठी आहे."

यात चुका तीन. 'पाणी' हवे, 'पानी' पडले आहे. 'शक्ती' आणि 'बुद्धी' दीर्घ हवेत, ते ऱ्हस्व पडले आहेत. मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या लेखनविषयक नियमांना शासनाने १९६२ साली मान्यता दिली, त्यांप्रमाणे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले इकारान्त शब्द मराठीत दीर्घान्त लिहायचे: कवी, गती, शक्ती, बुद्धी. हिंदीने मात्र मूळचा ऱ्हस्व ठेवला आहे.

आता हे वाक्य हिंदी कोशाच्या डोळ्यांनी पाहू. 'या' हा हिंदीत 'अथवा' या अर्थाचा शब्द आहे, तो सुटला. 'गावात' हिंदीत नाही, तांबडी रेघ. 'पानी' हा तर हिंदीचा अगदी घरचा शब्द, सुटला. 'नाही' तांबडा. 'परंतु' सुटला. 'लोकांची' तांबडा. 'शक्ति' सुटला. 'आणि' तांबडा. 'बुद्धि' सुटला. 'मोठी' तांबडा, 'आहे' तांबडा. हिशेब करा. अकरा शब्दांपैकी सहा तांबडे, आणि ते सहाही शुद्ध! जे पाच सुटले त्यांत तीन अशुद्ध! चोराला सोडून सावाला पकडले, असे आपण म्हणतो ना, ते इथे शब्दश: घडले.

हा योगायोग नव्हे, यामागे कारण आहे. मराठीत नामाला विभक्तिप्रत्यय जोडूनच लिहितात: 'गावात'. हिंदीत परसर्ग नामापासून तोडून लिहितात: 'गाँव में'. म्हणून प्रत्यय लागलेले मराठी नाम हिंदी कोशाला बहुधा अनोळखीच वाटणार. क्रियापदांचेही तसेच. उलट दोन्ही भाषांना समाईक असे शब्द कोणते? प्रत्यय न लागलेले संस्कृत शब्द. आणि आपल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या नेहमीच्या चुका कुठे होतात? नेमक्या याच शब्दांत. म्हणजे परका कोश जिथे आंधळा असतो, तिथेच आपला पाय घसरत असतो. बरे, याच शब्दाला प्रत्यय लागला तर? शुद्ध 'शक्तीने' आणि अशुद्ध 'शक्तिने' हे दोन्हीही तांबडे! तिथे रेघ आहे, पण तिच्यापासून बोध काहीच नाही.

याचा माणसावर काय परिणाम होतो? पहिल्या पानावर तो प्रत्येक रेघेपाशी थांबतो. तिसऱ्या पानावर रेघा भिंतीवरच्या नक्षीसारख्या दिसू लागतात. कोणी चिडून रेघा बंदच करतो. कोणी 'कोशात घाला' ही आज्ञा सरसकट देत सुटतो. हा दुसरा उपाय अधिक घातक. कारण त्या घाईत एखादा 'शक्तिने' आपल्या खाजगी कोशात जाऊन बसला, तर तिथून पुढच्या प्रत्येक लेखात त्याला अभय मिळते. पुढे मराठी कोश बसवला तरी हे अभय राहते, कारण खाजगी कोशही सोबत पाहिला जातो. माझ्या यादीत असे शब्द निघाले. ते एकेक करून काढावे लागले.

मग मराठी लेखाला हिंदी कोश लागला कसा? मी तर तो मागितला नव्हता! याचे उत्तर असे, की संगणकात भाषा ही लेखाची नसते, लेखातल्या तुकड्याची असते. जशी प्रत्येक अक्षराला जाडी किंवा आकार असतो, तशी भाषेची एक अदृश्य चिठ्ठीही चिकटलेली असते. ही चिठ्ठी पुष्कळदा कळफलकावरून लागते. आमच्या टंकलेखकाने हिंदीचा कळफलक निवडला होता. अक्षरे तीच, बोटांना फरक जाणवत नाही. 'ळ'सुद्धा त्यात मिळतो. त्याने मराठी लिहिले, चिठ्ठी हिंदीची लागली. दुसरे काही लेख बाहेरून आले होते. ते चिकटवले, तेव्हा आपापल्या चिठ्ठ्या घेऊनच आले. म्हणून एका पानावर रेघाच रेघा आणि पुढचे पान स्वच्छ, असा प्रकार झाला होता.

त्या स्वच्छ पानांचे रहस्य आणखी निराळे होते. तिथे चिठ्ठी मराठीचीच होती, पण त्या यंत्रात मराठीचा कोशच बसवलेला नव्हता. कोश नसला की तपासनीस तो तुकडा ओलांडून जातो, रेघ ओढीत नाही. शुद्ध लेखनाचे मौन आणि न तपासलेल्या लेखनाचे मौन पडद्यावर अगदी एकसारखे दिसते. पेन्सिलीच्या सर्वांत जास्त खुणा त्या स्वच्छ पानांवरच होत्या.

हे ओळखावे कसे? मी आता कोणताही मसुदा हाती घेताना त्यात ठिकठिकाणी तीन शब्द टाइप करतो: 'आहे', 'है' आणि 'गझखमट'. मराठी कोश चालू असेल तर 'आहे' सुटतो, बाकीचे दोन्ही तांबडे होतात. हिंदी कोश असेल तर 'है' सुटतो आणि 'आहे' तांबडा. आणि 'गझखमट'सुद्धा निमूटपणे सुटला, तर समजावे की पहारेकरी जागेवर नाही. शब्द मजकुराच्या मधोमध टाकायचे, म्हणजे त्यांना तिथलीच चिठ्ठी लागते, आणि मागाहून आठवणीने पुसायचे.

दुरुस्ती फार अवघड नाही. लिब्रेऑफिसमध्ये खालच्या पट्टीवर, जिथे कर्सर असेल तिथल्या मजकुराची भाषा लिहिलेली दिसते. सगळा मजकूर निवडून `Tools` मधल्या `Language` या यादीतून मराठी निवडावी. मराठीचा कोश नसेल तर आधी तो बसवावा. इंग्रजी शब्दांची चिठ्ठी निराळ्या कप्प्यात असते, तिला धक्का लागत नाही. मात्र लेखात एखादा हिंदी उतारा असेल तर तेवढा भाग निवडून त्याला पुन्हा हिंदी करावे. आणि टंकलेखकाला मराठीचा कळफलक लावून द्यावा, म्हणजे रोग मुळातच टळतो.

आता एक सावधगिरी. कोश बरोबर लागल्यावर माझा उत्साह वाढला, आणि मी सगळे 'बुद्धि' एका आज्ञेने 'बुद्धी' करून टाकले. परिणाम? 'बुद्धिमान'चे 'बुद्धीमान' झाले, 'बुद्धिप्रामाण्य'चे 'बुद्धीप्रामाण्य' झाले! सामासिक शब्दांत आणि अशा साधित शब्दांत पहिल्या पदाचा मूळचा ऱ्हस्व तसाच ठेवायचा असतो. ते सगळे पुन्हा हाताने फिरवावे लागले. अशी दुरुस्ती एकेक शब्द पाहूनच करावी.

आणि योग्य कोशाचीही मर्यादा आहे. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब. 'शिर' म्हणजे डोके, 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. हे चारही शब्द कोशात आहेत. वर्धापन दिनाचा 'वर्धापन दीन' झाला तरी तपासनीस चकार शब्द काढणार नाही, कारण त्याला फक्त शब्द आहे की नाही एवढेच ठाऊक, तो इथे शोभतो की नाही हे नाही. शिवाय ज्या कोशाच्या यादीत 'शक्ति' आणि 'शक्ती' ही दोन्ही रूपे शिरली असतील, तो कोश त्या बाबतीत मराठी असूनही मुका राहील. एवढ्यासाठी शेवटचे वाचन माणसानेच करायचे असते.

स्मरणिकेची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी तीन शब्दांची परीक्षा घेतली, कोश लावला, आणि मुद्रिते घेऊन त्याच शिक्षकांच्या घरी गेलो. त्यांनी पेन्सिल काढली. सगळी पाने वाचून झाल्यावर एकाच ठिकाणी खूण केली. शेवटच्या पानावर, आभारांच्या खाली, 'गझखमट' तसाच राहिला होता.